बासष्ट पानांच्या नऊ स्लाइड

माझा प्रकल्प बासष्ट पानांचा होता. विषय 16 जानेवारी 1967 चा गोव्यातला जनमत कौल, म्हणजे गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे यावरचे मतदान. तृतीय वर्षाच्या इतिहासासाठी लिहिलेला, स्पायरल बायंडिंग केलेला, मागे चार पाने संदर्भ. मला त्याचा अभिमान होता. मग सरांनी सांगितले की तोंडी परीक्षेला दहा मिनिटांत स्लाइडवर मांडायचे, शब्द कमीत कमी हवेत आणि एका स्लाइडवर एकच साधन. साधन म्हणजे ज्यावर आपले विधान उभे आहे ते: कायदा, वर्तमानपत्राचा अंक, तक्ता, मुलाखत, जे काही असेल ते. दोन नाहीत, एकच.

मी पहिल्या रात्री केले ते कोणीही करेल तेच. प्रकरणांची शीर्षके स्लाइडची शीर्षके झाली, परिच्छेदांचे ठिपक्यांचे मुद्दे झाले आणि शेवटच्या तीन स्लाइडवर सगळी संदर्भयादी चिकटली. तेवीस स्लाइड भरल्या. दुसऱ्या दिवशी सरांना दाखवायला उभी राहिले. चौथ्या स्लाइडला त्यांनी हात वर केला. ‘हे तू वाचतेयस की मी वाचायचं? दोघांनी एकदम वाचलं तर ऐकणार कोण?’ मग पडद्यावरच्या पहिल्याच मुद्द्याकडे बोट दाखवून विचारले, ‘हे तुला कुठून कळलं?’

मुद्दा होता, ‘गोव्यातील बहुसंख्य मराठीप्रेमी जनतेला विलीनीकरण हवे होते.’ मी गप्प राहिले. खरे तर ते मला कुठूनच कळलेले नव्हते. ते आमच्या घरात होते. आम्ही म्हार्दोळचे, घरात बोलणे कोकणी, पण शाळा मराठी, पोथी मराठी, भजन मराठी आणि आजोबा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे पक्के. जेवताना जे ऐकले ते प्रकल्पात उतरले होते आणि चार पानांच्या संदर्भयादीखाली कोणाच्या लक्षातही आले नव्हते.

घरी येऊन मी संगणक उघडलाच नाही. वहीची कोरी पाने फाडून पट्ट्या केल्या. एका पट्टीवर एक विधान, पूर्ण वाक्यात. त्याखाली, हे एकटे साधन ते विधान पेलते का, एवढेच लिहायचे. ओसरीवर पट्ट्या पसरल्या तेव्हा विधाने एकतीस भरली. साधन मी स्वतः डोळ्यांनी पाहिलेले होते अशी निघाली सतरा. बाकीची ‘अमक्या पुस्तकात तमक्याचा हवाला देऊन लिहिले आहे’ या जातीची, आणि तीनचार आजोबांची.

पट्टीवर पूर्ण वाक्य लिहायचा हट्ट फार उपयोगी पडला. ‘जनमत कौलाची पार्श्वभूमी’ हे शीर्षक कोणत्याही साधनाला चालते, कारण ते काही म्हणतच नाही. ‘मंत्रिमंडळ कौलाआधी पायउतार झाले’ असे लिहिले की लगेच तारीख लागते, कागद लागतो. तारीख 3 डिसेंबर 1966. सत्तेत बसूनच मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी कौल घेतला तर तो निष्पक्ष कसा, असा विरोधकांचा आक्षेप होता. त्यांनी राजीनामा दिला, राष्ट्रपती राजवट आली आणि मग मतदान झाले. हे सगळे मी बोलणार होते. पडद्यावर फक्त ते एक वाक्य आणि शेजारी त्या दिवसांतल्या वर्तमानपत्राचे कात्रण.

कात्रणावरून आठवले. पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मी सेमिस्टरच्या सुरुवातीलाच जुने अंक चाळले होते आणि परवानगी काढून मोबाइलवर फोटो घेतले होते. आता ते फोटो उघडून पाहिले तर बातम्या सुबक कापलेल्या होत्या, अक्षर न अक्षर वाचता येत होते. फक्त कोणता अंक आणि कोणती तारीख, ते एकाही फोटोत नव्हते. बातमी मोठी दिसावी म्हणून मी जवळून फोटो घेतला होता आणि पानाचा माथा बाहेर राहिला होता. वहीत ‘राष्ट्रमत, जानेवारी’ एवढेच. मडगावहून निघणारे राष्ट्रमत विलीनीकरणाच्या विरोधात होते आणि गोमन्तक बाजूने, त्यामुळे कात्रण कोणत्या पत्रातले आहे हे न सांगता ते दाखवणे म्हणजे निम्मे लपवणेच. पुन्हा कदंबा बस पकडून पणजी गाठली. एक अख्खा दिवस गेला. या वेळी प्रत्येक बातमीचे दोन फोटो घेतले. पहिला पूर्ण पानाचा, ज्यात पत्राचे नाव आणि तारीख येते. दुसरा बातमीचा जवळून. स्लाइडवर दुसरा लावायचा आणि पहिल्यातून कापलेली नावाची पट्टी त्याच्या डोक्यावर बसवायची. मग खालच्या ओळीत काही सांगायचे उरतेच थोडे.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो निकालाच्या स्लाइडने, आणि गंमत म्हणजे ती सगळ्यात सोपी वाटली होती.

माझ्या प्रकल्पातला परिच्छेद असा होता: मतदारांची संख्या, झालेले मतदान, दोन्ही बाजूंची मते, टक्केवारी, फरक, ‘अवघ्या चौतीस हजार मतांनी’ हुकलेले विलीनीकरण आणि शेवटी दोन वाक्ये हळहळ. त्यात दोन पुस्तकांचे हवाले होते. सरांच्या नियमाप्रमाणे एक पुस्तक काढायचे म्हणून दोन्ही शेजारी शेजारी उघडली. एकात केंद्रशासित राहण्याच्या बाजूचे मतदान 54 टक्के होते आणि दुसऱ्यात साडेपंचावन्न. मी प्रकल्पात एका पानावर पहिला आकडा वापरला होता आणि दहा पानांनी दुसरा. बासष्ट पानांत ते खपून गेले होते.

चूक कोणाची, म्हणून मी आकडेमोड करत बसले. केंद्रशासित प्रदेश राहावा याच्या बाजूने 1,72,191 मते. महाराष्ट्रात विलीन व्हावे याच्या बाजूने 1,38,170. बेरीज 3,10,361. पण पेटीत पडलेली मते होती 3,17,633. म्हणजे 7,272 मते बाद. आता 1,72,191 ला पडलेल्या एकूण मतांनी भागले तर 54.2 टक्के येतात आणि फक्त वैध मतांनी भागले तर 55.5. दुसऱ्या बाजूचेही तसेच: 43.5 किंवा 44.5. चूक दोघांचीही नव्हती. भाजक वेगळा होता आणि तो कोणीच सांगितला नव्हता. हे ओळखण्याची खूण सोपी आहे, पण मला आधी सुचली नाही: दोन बाजूंच्या टक्क्यांची बेरीज करून पाहायची. शंभर भरली तर बाद मते वगळली आहेत. 54.2 आणि 43.5 मिळून 97.7 होतात, म्हणजे उरलेले 2.3 बाद मतांचे.

मी टक्के काढूनच टाकले. स्लाइडवर दोन आडव्या पट्ट्या, त्यावर दोन मूळ आकडे आणि वर एक वाक्य: ‘विलीनीकरण 34,021 मतांनी हरले.’ खाली एक ओळ: आकडे कोणत्या ग्रंथाच्या कोणत्या पानावरच्या तक्त्यातले आणि पुढे ‘आलेख माझा’. हे शेवटचे दोन शब्द सरांनी घालायला लावले. तक्ता ग्रंथकाराचा असला तरी पट्ट्या मी काढल्या होत्या, आणि पट्ट्यांत खोटे बोलता येते.

ते येते हे मला त्याच संध्याकाळी कळले. आकडे भरल्यावर संगणकाने आलेख काढून दिला. केंद्रशासितची पट्टी विलीनीकरणाच्या जवळजवळ दुप्पट लांब. मी खूश, किती स्पष्ट दिसते म्हणून. मग आजोबांची नात जागी झाली. सतरा-अठरा हजारांनी इकडचे तिकडे झाले असते तर निकाल फिरला असता, मग पट्टी दुप्पट कशी? पाहते तर खालच्या अक्षाची सुरुवात शून्यापासून नव्हती, एक लाखापासून होती. त्यामुळे 1,72,000 चे 72 उरले आणि 1,38,000 चे 38. अक्ष शून्यावर आणला. आता पट्ट्या सव्वापटीच्या फरकाने दिसू लागल्या, म्हणजे होत्या तशा. माझा कल उलट्या बाजूचा असता तर तो आलेख मी तसाच ठेवला असता का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. उत्तर इथे देत नाही.

‘अवघ्या’ हा शब्दही तिथेच गेला. तक्त्यात 34,021 होते. ‘अवघ्या’ तक्त्यात नव्हते, ते आमच्या ओसरीवरचे होते. तसेच ‘सार्वमत’ गेले. मराठीत आपण सर्रास सार्वमत म्हणतो, मी प्रकल्पभर म्हटले होते. पण पहिल्या स्लाइडचे साधन होता 1966 चा कायदा आणि त्याच्या नावातच ‘ओपिनियन पोल’ असे आहे. म्हणून सगळीकडे जनमत कौल केले. त्याच कायद्याने आणखी एक गोष्ट पदरात टाकली. मतदाराला पर्याय दोनच होते: महाराष्ट्रात विलीन किंवा केंद्रशासित. स्वतंत्र राज्य हा तिसरा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच, ते 30 मे 1987 ला झाले. पण आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचा समज असा की 1967 मध्ये गोव्याने ‘वेगळे राज्य’ निवडले. कायद्याचा तेवढा तुकडा मोठा करून लावला आणि वर लिहिले, ‘प्रश्न एक, उत्तरे दोनच.’

एक स्लाइड मात्र या नियमाने मारली आणि मला तिचे अजून वाईट वाटते. मला नकाशा हवा होता. पेडणे, डिचोली, सत्तरीकडे विलीनीकरणाचा जोर, सासष्टीत त्याला कडवा विरोध. पोर्तुगीजांनी नंतर जिंकलेल्या नव्या काबिजाती आणि आधी जिंकलेल्या जुन्या काबिजाती यांतला फरक नकाशावर एका नजरेत कळतो. पण नकाशा एकाकडून, मतदारसंघांच्या सीमा दुसऱ्याकडून, मते तिसऱ्याकडून आणि काबिजातींची रेषा चौथ्याकडून घ्यावी लागत होती. शिवाय 1967 चे मतदारसंघ म्हणजे आजचे तालुके नव्हेत. आजच्या तालुक्यांच्या नकाशात रंग भरले असते तर सुंदर दिसले असते आणि जागोजागी चुकले असते. मी ते तोंडी सांगितले. सर म्हणाले, चार साधनांचा नकाशा हा वेगळा प्रकल्प आहे, स्लाइड नव्हे. पटले, पण अर्धेच. काही गोष्टी दोन साधने शेजारी ठेवल्याशिवाय दिसतच नाहीत, आणि हा नियम त्यांना दारातूनच परत पाठवतो.

त्यातून वाट निघाली ती आजीमुळे.

आजीची मुलाखत मी प्रकल्पासाठी घेतली होती. 1967 मध्ये तिला नुकतीच एकवीस पुरी झाली होती, तेव्हा मतदानाचे वय तेच. तिने मोबाइलवर सांगितलेले वाक्य मला तोंडपाठ होते: ‘हांवें सिंहाचेर शिक्को मारलो आनी भाऊ जिखले.’ सिंहावर शिक्का मारला आणि भाऊ जिंकले. प्रकल्पात मी हे ‘जनमत कौलात मतदान केलेल्या महिलेचा अनुभव’ म्हणून दिले होते. स्लाइडसाठी तेच वाक्य मोठ्या अक्षरांत टाकले. किती छान, शब्द दहाच्या आत आणि साधन घरचे.

मग आदल्या स्लाइडकडे लक्ष गेले. तिथे ग्रंथालयातल्या कात्रणातून कापलेली चिन्हे होती. विलीनीकरणाला फूल आणि केंद्रशासितला दोन पाने. सिंह कुठेच नाही. सिंह हे भाऊसाहेबांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे चिन्ह. आणि कौलात ‘भाऊ जिंकले’ कसे? भाऊंचा पक्ष विलीनीकरणाच्या बाजूचा, तो तर हरला होता.

संध्याकाळी आजी वाती वळत बसली होती. मी विचारले, ‘आजी, मत दिलंस तेव्हा फूल होतं की सिंह?’

ती थांबली. ‘फूलय आशिल्लें.’ मग जरा वेळाने, ‘बाय, तें पयलें. सिंह मागीर.’

फूल आधी, सिंह नंतर. दोन मतदाने होती. जानेवारीत कौल झाला आणि 28 मार्च 1967 ला विधानसभेची निवडणूक. जनतेने भाऊसाहेबांचे विलीनीकरण नाकारले आणि सव्वादोन महिन्यांनी त्यांच्याच पक्षाला पुन्हा सत्तेवर बसवले. आजी दोन्ही वेळा त्याच शाळेत गेली होती. साठ वर्षांत त्या दोन फेऱ्यांची एकच झाली आणि त्यातला जिंकण्याचा भाग तेवढा वर राहिला. हरल्याचे तिला आठवत नव्हते असे नाही. फूल म्हटल्यावर तिने स्वतःहून सांगितले की त्या रात्री आजोबा जेवले नाहीत.

आता या मुलाखतीचे करायचे काय? कौलाचा निकाल सांगायला ती चालत नाही, तारखेलाही चालत नाही. पण लोकांनी या दोन मतदानांची आठवण कशी जपली, याचे तिच्याइतके चांगले साधन माझ्याकडे दुसरे नव्हते. म्हणून स्लाइडचे वरचे वाक्य बदलले. आधी होते, ‘एका महिलेने कौलात मत दिले.’ आता झाले, ‘आठवणीत दोन मतदानांचे एक झाले.’ खाली आजीचे वाक्य आणि त्याखाली साधन: आजी, वय, गाव, मुलाखतीची तारीख. आणि लगेच पुढची स्लाइड मार्चच्या निवडणुकीची, तिचे साधन वेगळे. दोन साधने एका स्लाइडवर बसली नाहीत, पण एकामागून एक आली आणि त्यांचे न जुळणे ऐकणाऱ्याला माझ्या सांगण्याआधी दिसले. नियम मोडला नाही आणि काम झाले. नकाशाला ही युक्ती चालली नसती, याला चालली.

बाकीचे फार सांगण्यासारखे नाही. वरच्या वाक्याला दहा शब्दांची मर्यादा मी स्वतःच घातली आणि दोनदा मोडली. कापलेले सगळे वक्त्याच्या टिपणांत गेले, तिथे पाहिजे तेवढे लिहिता येते आणि पडद्यावर दिसत नाही. महाविद्यालयाच्या संगणकावर माझा फॉण्ट नव्हता, तालमीच्या वेळी वेलांट्या अक्षरांपासून सुटून भलतीकडे बसल्या, म्हणून पीडीएफ करून नेले. त्यात हलणारे काही नव्हतेच, बिघडायलाही काही राहिले नाही. साधनाची ओळ मी चौदाच्या अक्षरांत ठेवली होती, शीर्षक छत्तीसच्या. शेवटच्या बाकावरून मैत्रिणीने ओरडून सांगितले की खाली मुंग्या दिसतात. अठरा केले.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या बाईंनी निकालाच्या स्लाइडवर थांबवले. ‘टक्के का दिले नाहीत?’ मी दोन भाजकांची गोष्ट सांगितली. त्यांनी कागदावर 97.7 ची बेरीज करून पाहिली आणि पुढे जा म्हणाल्या. आजीच्या स्लाइडवर त्यांनी विचारले, ‘आजोबा जेवले नाहीत, हे कुठंय?’ ते मी नुसतेच बोलले होते, पडद्यावर नव्हते. त्याचे साधनही आजीच, म्हणून त्याच स्लाइडवर बसले असते. मला सुचलेच नव्हते. दहा मिनिटे म्हणता साडेबारा झाली.

रात्री घरी लॅपटॉपवर आजीला सगळ्या नऊ स्लाइड दाखवल्या. कायदा, राजीनामा, कात्रणे, कशातच तिचे मन नव्हते. स्वतःचे वाक्य आले तेव्हा चष्मा पुसून जवळ सरकली, वाचले, मग खालच्या ओळीवर बोट ठेवले.

‘आनी म्हजें नांव इतलें बारीक कित्याक?’